शिबं बरं होतं, मग परत का येतं?

डोंबिवलीहून रोज लोकलने येऊन दिवसभर पार्सलं पोचवणारा 22 वर्षांचा मुलगा डोळ्यांपुढे आणा. मे महिन्यात त्याच्या पाठीवर आणि छातीवर फिकट ठिपके दिसायला लागतात. खाज जवळपास नाहीच, फार तर घाम आला की थोडं चुरचुरतं. ठिपके पसरत एकमेकांत मिसळतात. तो मेडिकलमधून बुरशीची ट्यूब आणतो आणि दिसतील तेवढ्याच डागांवर आठवडाभर चोळतो. डाग पांढरेच राहतात, तेव्हा औषध लागू पडत नाही म्हणून ट्यूब फेकून देतो. दिवाळीनंतर डाग आपोआप भरून येतात आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा उमटतात. याला आपल्याकडे शिबं म्हणतात, कुणी सुरमाही म्हणतं.

हा मुलगा ट्यूबला दोष देतो, पण शिब्याची बुरशी बाहेरून आलेलीच नसते. मॅलासेझिया नावाचं हे यीस्ट जवळपास प्रत्येक मोठ्या माणसाच्या कातडीवर राहतं. त्याला स्वतःची स्निग्धाम्लं बनवता येत नाहीत, त्यामुळे आपल्या कातडीतून झिरपणारं तेल हेच त्याचं अन्न. म्हणून त्याची वस्ती डोकं, छाती आणि पाठीचा वरचा भाग अशा तेलकट जागी असते, आणि वयात येताना तेलग्रंथी कामाला लागल्या की शिब्याचं प्रमाणही वाढतं. एरवी हे यीस्ट गोल पेशींच्या रूपात गुपचूप असतं. उकाडा, दमटपणा, अंगावर वाळलेला घाम मिळाला की त्याला आखूड धागे फुटतात आणि ते कातडीच्या अगदी वरच्या, मेलेल्या थरात पसरतात. डाग खरवडून तो भुगा काचपट्टीवर पोटॅशच्या थेंबात पाहिला, तर गोल पेशींचे पुंजके आणि मधूनमधून हे आखूड धागे दिसतात. निदानाला एवढं पुरतं.

रंग कशाने बदलतो? ही बुरशी कातडीवरचं तेल पचवताना ॲझेलाइक आम्लासारखे पदार्थ तयार करते आणि ते रंग बनवणाऱ्या पेशींचं काम मंदावतात, असं मानलं जातं. काहींच्या अंगावर उलट तपकिरी डाग येतात. तिथे सौम्य दाह होतो आणि रंगाचे कण मोठे होतात. एकाच माणसाच्या पाठीवर दोन्ही तऱ्हा सापडतात.

ट्यूब फेकण्याची चूक इथूनच होते. औषधाने बुरशी एक-दोन आठवड्यांत आटोक्यात येते, पण मंदावलेल्या पेशींना रंग भरून काढायला काही महिने लागतात. तेव्हा डाग पांढरा आहे यावरून काही ठरवू नये. दोन बोटांनी डागाची कातडी ताणावी किंवा नखाने हलकेच खरवडावं. कोंड्यासारखा बारीक भुगा सुटला तर बुरशी अजून जागी आहे. काहीच सुटलं नाही तर उरलाय तो फक्त रंग, त्यावर आणखी मलम थापून उपयोग नाही. (कोडाचा डाग खडूसारखा पांढरा असतो आणि त्यावर भुगा नसतो. फिकट डागावर स्पर्श कळत नसेल तर कुष्ठरोगाची तपासणी लगेच करून घ्यावी.)

दुसरी चूक म्हणजे दिसतील तेवढ्याच डागांवर ट्यूब लावणं. बुरशी डागाबाहेरही असते. त्यापेक्षा 2 टक्के किटोकोनॅझोलचा शाम्पू स्वस्त आणि सोपा पडतो: मानेपासून कमरेपर्यंत आणि दंडांवर ओल्या अंगाला लावायचा, 5 मिनिटं ठेवायचा, धुवायचा, असं सलग 3 दिवस. डोक्यालाही लावावा, कारण कोंड्याशी संबंध असलेलं हे यीस्ट केसांतही मुक्कामाला असतं. डाग फारच पसरले असतील तर डॉक्टर इट्राकोनॅझोल किंवा फ्लुकोनॅझोलच्या गोळ्या देतात. नायट्यासाठी घेतात त्या टर्बिनाफिनच्या गोळ्या इथे निकामी, कारण या यीस्टला आवरण्याइतकं ते औषध कातडीच्या वरच्या थरात पोचत नाही. आणि मेडिकलवाला हमखास पुढे करतो ती स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब मुळीच नको. ती दाह दाबते आणि बुरशीला मोकळं रान देते.

एवढं करूनही शिबं परततं. उपचारानंतर वर्षभरात निम्म्याहून अधिक लोकांना ते पुन्हा होतं असं सांगितलं जातं. मूळ रहिवासी अंगावरच राहिलेला असतो. उपचाराने फक्त त्याची संख्या घटते आणि धागे नाहीसे होतात. त्यातही घाम जास्त येणाऱ्यांना, ज्यांच्या घरात इतरांनाही होतं अशांना आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांना ते वारंवार गाठतं. पण घरातल्या कुणाकडून लागण झाली असं समजून टॉवेल वेगळे करण्यात अर्थ नाही, कारण हे यीस्ट जवळपास प्रत्येकाच्या अंगावर आधीपासूनच असतं.

अंगाला तेल चोळण्याची सवय मात्र शिबं येणाऱ्याने सोडावी. प्रयोगशाळेत हे यीस्ट वाढवायचं तर खाद्यावर ऑलिव्ह तेलाचा थर द्यावा लागतो, यावरून काय ते समजावं. आमच्या पार्सलवाल्याने मार्चपासून पावसाळा संपेपर्यंत महिन्यातून एकदा तोच शाम्पू अंगाला 5 मिनिटं लावावा, ऑक्टोबरच्या उकाड्यातही एक फेरी करावी, आणि घामाचा शर्ट घरी पोचल्याबरोबर काढावा. तरीही वर्षातून तीन-चारदा उलटलं, तर उन्हाळ्यापुरत्या महिन्यातून एका दिवसाच्या गोळ्यांबद्दल त्वचारोगतज्ज्ञांना विचारावं. यकृताचा त्रास किंवा दुसरी औषधं चालू असतील तर ते आधी सांगावं.