एअरबॅगचा दिवा आणि सीटखालचा पिवळा कनेक्टर

"गाडी तर मस्त पळतेय, सेन्सरचं काहीतरी असेल, पुढच्या सर्व्हिसिंगला बघू." एअरबॅगचा दिवा लागून राहिला की बरेच जण असंच म्हणतात. पण गाडी कशी पळतेय याच्याशी या दिव्याचा काही संबंधच नाही, गाडी ठोकली तर काय होईल ते तो सांगतोय.

चावी फिरवली की हा दिवा काही सेकंद लागून विझतो, तेवढ्यात एअरबॅगचं कंट्रोल युनिट सगळी सर्किट तपासून घेतं आणि नंतर गाडी चालू असतानाही तपासत राहतं. कसं तपासतं ते मला फार आवडतं, कारण एअरबॅग एकदाच उघडते, चालवून बघायची सोयच नाही. आत इग्नायटरमध्ये एक अगदी बारीक तार असते, ती तापली की दारू पेटते आणि गॅसने पिशवी फुगते. या तारेचा रेझिस्टन्स साधारण 2 ओहम. युनिट तिच्यातून काही मिलिअँपिअर एवढाच करंट सोडतं, त्याने तार पेटत नाही पण रेझिस्टन्स मोजून होतो. खरोखर पेटवायला साधारण 1.2 अँपिअर लागतात, तेही फक्त 2 मिलिसेकंद.

सीट बेल्टमध्येही असाच इग्नायटर असतो, धडक बसताच तो बेल्ट खेचून घट्ट करतो. त्याची किंवा सीटमधल्या साइड एअरबॅगची वायर बऱ्याच गाड्यांत सीटखाली पिवळ्या कनेक्टरला जोडलेली असते. आता सीट सारखी पुढे-मागे होते, पावसाळ्यात कार्पेट ओलं राहतं, खाली छत्री कोंबली जाते, आणि कनेक्टर जरासा सैल होतो किंवा पिनांवर गंज चढतो. 2 ओहमचे 5-6 झाले की युनिट एरर कोड नोंदवून दिवा लावतं. आणि अशा सैल जोडाचा भरवसा नसतो, धडकेच्या हादऱ्यात तो पूर्ण सुटला तर करंट तारेपर्यंत पोचणारच नाही. काही गाड्यांत फक्त तेवढा भाग बंद पडतो, काहींत सगळी सिस्टिम, नुसता दिवा बघून ते कळत नाही. स्कॅनर लावला की नेमकं सर्किट कळतं, आणि कनेक्टर नीट बसवला तरी बऱ्याचदा कोड पुसल्याशिवाय दिवा जात नाही.

घरी मल्टिमीटर लावून इग्नायटर तपासू नका, मीटरच्या करंटनेही तो पेटू शकतो. आणि बॅटरी काढली तरी युनिटच्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो, म्हणून मेकॅनिक काही मिनिटं थांबूनच हात घालतो.

बेल्टची टुणटुण थांबवायला नुसती क्लिप अडकवणाऱ्यांनो, बकलमधल्या स्विचला वाटतं तुम्ही बेल्ट लावलाय, आणि काही गाड्यांत एअरबॅग किती जोराच्या धडकेला उघडायची ते त्यावरही ठरतं. याहून वाईट प्रकार म्हणजे एअरबॅगच्या जागी 2 ओहमचा रेझिस्टर जोडून दिवा घालवणं, ही चक्क फसवणूक आहे. लिंबू-मिरची टांगून अपघात टळत नाही तसा दिवा घालवून एअरबॅग परत येत नाही. जुनी गाडी घेताना चावी फिरवल्यावर दिवा लागलाच नाही, तर तोही बिघाडच समजा आणि स्कॅन करून घ्या. पण रेझिस्टर जोडलेला असेल तर दिवाही नॉर्मल आणि स्कॅनही स्वच्छ दिसू शकतो, म्हणून मोठी धडक बसलेल्या गाडीत एअरबॅग खरंच बसवलीय का ते सर्व्हिस सेंटरमध्ये उघडून बघायला सांगा.