कॅल्शियम स्कोअर शून्य, म्हणजे ब्लॉकेज नाही?

“सीटीत कॅल्शियम स्कोअर शून्य आलाय, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत ना?”

तसं नाही. हा सीटी रंगद्रव्याचं इंजेक्शन न देता काढतात, त्यामुळे रक्तवाहिनी आतून किती अरुंद झालीय हे त्यात दिसतच नाही. दिसतो तो फक्त भिंतीत साठलेला चुना, म्हणजेच कॅल्शियम. समजा, चुन्याचा एक ठिपका 5 चौरस मिलिमीटरचा आहे आणि सीटीच्या मापात त्याची घनता 250 आहे. 200 ते 299 घनतेला गुणक 2, म्हणून त्याचे 10 गुण. असे सगळे ठिपके मिळून स्कोअर होतो. घनता 130 च्या खाली असेल तर गुणच नाहीत, आणि चरबीचा मऊ थर नेमका तिथेच निसटतो. तो थर फुटला की गुठळी होऊन झटका येऊ शकतो.

काहीच त्रास नसलेल्या माणसाला शून्य खरंच दिलासा देतं. पुढच्या काही वर्षांतला धोका कमी असतो. पण बेचाळिशीचा, सिगारेट ओढणारा माणूस, जिना चढताना छातीत दाब येतो, थांबलं की जातो? चुना साठायला वर्षं लागतात, त्याच्या वयात तो नसणं स्वाभाविक आहे. स्कोअर शून्य असला तरी त्याची तपासणी तिथे थांबवू नका, कळकळीने सांगतो. आणि दाब विश्रांतीतही राहिला, तर तडक इमर्जन्सी विभाग गाठायचा.