पितळेचा म्हणून घेतलेला नळ जस्ताचा निघाला त्याची गोष्ट

आमचं गाव दर्यापूर तालुक्यातलं, म्हणजे खारपाणपट्टा, बोअरचं पाणी तोंडात घेतलं की खारट. मागच्या दिवाळीच्या आधी बेसिनसाठी एक चकचकीत तोटी आणली, दुकानदार म्हणे "भाऊ, पूर्ण पितळेची हाय", आणि उन्हाळा लागायच्या आत तिच्या मानेजवळ, जिथं पाणी थेंब थेंब साचून राहते तिथं, बारीक बारीक फोड आले. नखानं एक फोड उचकटला तर चांदीसारखा पापुद्रा निघाला आणि खाली पांढरी भुकटी.

ती पांढरी भुकटीच सगळं सांगून गेली, कारण पितळ खराब झालं तर हिरवट पडते नाहीतर गुलाबी, पांढरी भुकटी जस्ताची.

तरी खात्री करायची म्हणून आतला स्पिंडल, वॉशर, मूठ सगळं काढून नुसती बॉडी किचनच्या वजनकाट्यावर ठेवली, भरली 254 ग्रॅम. मग काट्यावर पाण्याचं पातेलं ठेवून काटा शून्य केला आणि बॉडी दोऱ्याला बांधून पूर्ण बुडवली, बुडाला टेकू न देता, आतली हवा हलवून काढून. काटा दाखवे 38. म्हणजे बॉडीनं 38 घन सेंटिमीटर पाणी बाजूला सारलं. 254 भागिले 38, आले 6.7 च्या आसपास. पितळ असतं तर 8.4 च्या जवळ यायला पाहिजे होतं. घरातली आजोबांच्या वेळची जुनी तोटी तशीच मोजली तर 302 भागिले 36, बरोबर 8.4. नुसतं हातात घेऊन फसाल बरं, कारण जस्ताची भिंत जाड ठेवली की तोटी जड लागतेच. आणि चुंबक लावून काही कळत नाही, दोन्हीला चिकटत नाही.

हे जस्त म्हणजे नुसतं जस्त नाही, त्यात साधारण 4 टक्के ॲल्युमिनियम असते. हा मिश्रधातू 400 अंशाच्या आतच वितळतो, पितळेला 900 च्या वर लागते. त्यामुळं स्टीलच्या साच्यात दाबानं भरला की क्षणात तोटी तयार, साचाही खूप दिवस टिकतो, आणि तांब्याचा खर्च वाचतो तो वेगळाच. यात लबाडी काही नाही, लबाडी आहे त्याला पितळ म्हणून विकण्यात.

आता पापुद्रा काहून निघतो? आपण ज्याला क्रोम म्हणतो तो थर अर्ध्या मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो (आपला केस साधारण 70 मायक्रॉनचा), तो फक्त निळसर चमक देतो आणि ओरखडे सोसतो. खरी राखण त्याच्या खालचं निकेल करते, आणि जस्तावर तर निकेलच्याही आधी तांब्याचा थर द्यावा लागते कारण निकेलचं आंबट द्रावण उघड्या जस्तालाच खाते. स्वस्त मालात नेमकं हे खालचं काम कमी करतात, वरून पाहणाऱ्याला काय कळते.

निकेल पातळ असलं की त्यात सुईच्या टोकाहून बारीक छिद्रं राहतात. खारट पाणी तिथून आत शिरते, आणि मग जस्त एका बाजूला, निकेल-तांबं दुसऱ्या बाजूला आणि मधात मिठाचं पाणी, म्हणजे चक्क छोटी बॅटरीच झाली ना! तिच्यात झिजते ते जस्त, आणि झिजून झालेली भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, म्हणून ती मुलाम्याला खालून उचलते. तोच फोड. पितळ आणि निकेल यांच्यात अशी ओढाताण फार कमी, म्हणून पितळेवर छिद्र पडलं तरी डाग पडतो, फोड सहसा नाही.

आमच्या घरी यात भर म्हणजे आई पांढरे डाग काढायला तोटीवर बाथरूमचं ॲसिड फिरवायची. त्या ॲसिडनं क्रोमही विरघळते आणि छिद्रातून गेलं की जस्त तर फसफसतेच.

प्लास्टिकच्या चकचकीत तोट्यांचं दुखणं वेगळं, तिथं गंजायला काही नाहीच. ते प्लास्टिक आधी रसायनात बुडवून खरबरीत करतात, त्या खड्ड्यांत धातू अडकून बसतो, म्हणजे पकड नुसती अडकण्याची. खड्डे नीट झाले नाही तर आपल्याकडच्या मे महिन्यात प्लास्टिक धातूपेक्षा कितीतरी जास्त फुगते, रात्री आकसते, आणि मुलामा पत्र्यासारखा सुटून येतो, बोटही कापते.

पितळ म्हणजे अमर असंही नाही. खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त हळूहळू निघून जाते आणि मागं गुलाबी, ठिसूळ तांबं राहते. आमच्या त्या जुन्या तोटीच्या आट्यांवर तसा गुलाबी ठिपका दिसतोच आहे, पण तिला वर्षं किती झाली ते आजोबांनाच माहीत.

विकत घेताना आत जिथं आटे पाडलेले असतात तिथं पहा, बहुतेक वेळा तिथं मुलामा नीट पोचत नाही, पिवळं दिसलं तर पितळ, राखाडी दिसलं तर जस्त. दुकानदार कानस लावू देत असेल तर आट्याच्या कडेला एकदाच घासून पहा. बेसिनला आता जुनीच तोटी वॉशर बदलून बसवली, आणि अंगणात मुलामा नसलेली साधी पांढरी पीटीएमटी प्लास्टिकची लावली, फक्त पान्यानं जोर नाही लावला, हातानंच आवळली.