ग्रेनेड रेघेच्या अलीकडे का पडतो?

गेममध्ये ग्रेनेड फेकण्याआधी बटण दाबून धरलं की ठिपक्यांची कमान दिसते. खेळाडू तिच्या भरवशावर भिंतीपलीकडचा नेम धरतो आणि ग्रेनेड भिंतीच्या कडेला आपटून त्याच्याच पायाशी येतो. अशा वेळी खेळाडूला बोल लावण्यात अर्थ नाही. कमान काढणारं गणित आणि ग्रेनेड उडवणारं गणित वेगळं असतं.

गेम बनवण्याच्या युनिटी इंजिनात ग्रेनेड ४५ अंशांच्या कोनात, सेकंदाला १५ मीटर वेगाने फेकला असं समजा. कमान बहुतेकदा शाळेतल्या सूत्राने काढलेली असते आणि त्या हिशेबाने सपाट जमिनीवर तो २२.९४ मीटरवर पडायला हवा. इंजिन मात्र वेळेचे ०.०२ सेकंदाचे तुकडे पाडतं. दर तुकड्यात आधी गुरुत्वाकर्षणाने वेग बदलायचा, मग त्या बदललेल्या वेगाने वस्तू सरकवायची. खरं तर तुकड्याच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या वेगाची सरासरी घ्यायला हवी. इंजिन शेवटचाच वेग धरतं, म्हणून दर तुकड्याला ग्रेनेड सुमारे २ मिलिमीटर जास्त खाली येतो. दोन सेकंदांत असे १०० तुकडे होतात. वीतभर फरक पडतो तो इथे! आपल्या उदाहरणात ग्रेनेड २१ सेंटिमीटर अलीकडे पडतो.

याहून मोठा घोळ हवेच्या विरोधाचा. ग्रेनेडला ०.१ इतका किरकोळ वाटणारा `drag`, म्हणजे युनिटी ६ पासूनचा `linearDamping`, दिलेला असेल आणि कमानीच्या सूत्रात तो नसेल, तर ग्रेनेड २० मीटरच्या आतच पडतो. म्हणजे जवळपास तीन मीटरची चूक.

दोष कुठला, ते ओळखायला सोपं आहे. `drag` शून्य करून पाहा. तरीही थोडा फरक उरला, तर तुकडा ०.०२ वरून ०.०१ सेकंद करा. फरक निम्म्यावर आला तर दोष तुकड्यांचाच. तो तसाच राहिला तर फेकीचा आरंभबिंदू तपासा. कमान डोळ्यांपासून आणि ग्रेनेड हातातून निघत असेल, तर तुकडा कितीही लहान केला तरी फरक जात नाही.

उपाय म्हणजे कमानीचे ठिपके इंजिनाच्याच पावलांनी, त्याच क्रमाने मोजायचे:

```
v += g * dt;
v *= 1 - drag * dt;
p += v * dt;
```

इथे `v` म्हणजे वेग, `p` म्हणजे जागा, `g` म्हणजे खाली ओढणारं गुरुत्वाकर्षण आणि `dt` म्हणजे `Time.fixedDeltaTime`, इंजिनाच्या तुकड्याची ठरलेली लांबी. त्याऐवजी दोन चित्रांमधला वेळ, म्हणजे `Time.deltaTime`, घेतलं तर पडद्याच्या गतीबरोबर कमानही थरथरत राहते. ही चूक फार आढळते.

भिंतीच्या कडेचा प्रश्न मात्र एवढ्याने सुटत नाही. कमानीला जाडी नसते, ग्रेनेडला असते. म्हणून आड काय येतं हे बिनजाडीचा किरण सोडणाऱ्या `Raycast` ऐवजी ग्रेनेडच्याच त्रिज्येचा गोळा सरकवणाऱ्या `SphereCast` ने तपासावं. पहिल्या आपटीनंतर तर उसळी, घर्षण आणि गिरकी असं सगळंच हिशेबात येतं, त्यामुळे कमान पहिल्या आपटीपाशीच थांबवलेली मला बरी वाटते.