क्वार्क म्हणजे चक्का नव्हे

पाडव्याच्या दोन दिवस आधी भाचीने जर्मनीतून फोटो पाठवला. सुपरमार्केटमधला पांढरा डबा, त्यावर नाव 'क्वार्क'. खाली मेसेज: "मावशी, हा अगदी चक्का आहे गं! पण घटकांत शेवटी एल-ए-बी लिहिलंय. लॅबमध्ये करतात की काय?"

मी इथे गिरगावात दही फडक्यात बांधत होते. हसू आलं, पण पोरीने नेमकं बोट ठेवलं होतं. तो शब्द जर्मन आहे, उच्चार साधारण 'लाप'. अर्थ रेनेट, म्हणजे दूध गोठवणारं विकर. पारंपरिक रेनेट दूधपित्या वासराच्या चौथ्या जठरातून काढतात आणि त्यासाठी वासराला मारावं लागतं.

वासराला हे विकर हवंच असतं. दूध पातळच राहिलं तर पोटातून भरकन पुढे निघून जाईल. दुधातल्या केसीन प्रथिनाचे सूक्ष्म गोळे एकमेकांना चिकटत नाहीत, कारण त्यांच्या अंगावर केसांसारखी लव असते. रेनेटमधलं कायमोसिन ती लव कापतं आणि गोळे एकमेकांना धरून गोठतात. वासरू चरायला लागलं की हे विकर कमी होत जातं.

आपल्या दह्यात कात्री नसते. विरजणातले जिवाणू आम्ल तयार करतात, सामू 4.6 च्या आसपास उतरला की केसीन आपोआप गोळा होतं. क्वार्कही मुळात असाच आंबवलेला. मात्र त्यात बऱ्याचदा थोडं रेनेट टाकतात, म्हणजे दही घट्ट लागतं आणि पाण्याबरोबर प्रथिन कमी वाहून जातं.

"मग सगळाच क्वार्क बाद?" नाही. 'लाप'च्या आधी 'मिक्रोबिएल' हा शब्द असेल तर विकर बुरशीसारख्या सूक्ष्मजीवांकडून मिळवलेलं. नुसतं 'लाप' असेल तर वासराचं धरून चालावं. खरी पंचाईत तिसरीच. दूध, विरजण आणि आवश्यक विकरं यांपलीकडे काही घातलं नसेल, तर युरोपच्या नियमांनुसार अशा पदार्थांवर घटकयादी छापलीच पाहिजे असं नाही. यादीच नाही, तर शोधणार काय? पिवळ्या वर्तुळातलं हिरवं 'व्ही' चिन्ह दिसलं तर उत्तम, पण ते ऐच्छिक. आपल्याकडच्या हिरव्या ठिपक्यासारखी सक्ती तिथे नाही.

मी तिला साधं दही घ्यायला सांगितलं. तिने फळांचं उचललं. त्याच्या यादीत 'गेलाटिने' निघालं, प्राण्यांच्या कातडी-हाडांपासूनचं. परत ठेवलं. शेवटी किलोभर साधं दही आणलं, घटक फक्त दूध आणि विरजण. फडकं नव्हतं, म्हणून धुतलेली सुती ओढणी चाळणीत पसरली आणि चाळणी पातेल्यावर ठेवून फ्रिजमध्ये सरकवली.

सकाळी फोटो आला. दही निम्म्यावर आलेलं, पातेल्यात हिरवट पाणी. "मावशी, हे पाणी फेकू की कणीक भिजवू?"