पत्ता उजवीकडून वाचावा : संशयास्पद संदेशाचा स्क्रीनशॉट कसा तपासावा

राजारामपुरीत राहणाऱ्या माझ्या आत्याने गेल्या महिन्यात घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक स्क्रीनशॉट टाकला आणि खाली एवढेच लिहिले, "हे खरं आहे काय?" तिच्या नणंदेने नागपूरहून दोन साड्या आणि संत्रा बर्फीचा डबा टपालाने पाठवला होता. त्यामुळे पार्सल येणार हे तिला ठाऊक होते आणि संदेशही नेमका पार्सलाचाच होता. भारतीय डाकच्या नावाने आलेल्या त्या इंग्रजी संदेशात म्हटले होते की, आपले पार्सल गोदामात पोहोचले आहे, दोनदा पोहोचवण्याचा प्रयत्न झाला, परंतु पत्ता अपुरा असल्याने ते देता आले नाही. चोवीस तासांत पत्ता दुरुस्त न केल्यास पार्सल परत जाईल. त्याखाली एक लिंक होती आणि शेवटी एक विचित्र सूचना होती : उत्तरादाखल `Y` पाठवा, संदेश बंद करून पुन्हा उघडा, म्हणजे लिंक सुरू होईल.

या धाटणीचा संदेश देशभर फिरलेला असून पत्र सूचना कार्यालयाच्या तथ्य-तपासणी विभागाने तो बनावट असल्याचे यापूर्वीच जाहीर केले आहे. तरीही आत्याचा प्रश्न रास्त होता, कारण तिच्या पार्सलाची वेळ आणि संदेशाची वेळ जुळत होती. असे संदेश एकाच वेळी असंख्य क्रमांकांवर पाठवले जातात आणि त्यांतल्या काही लोकांची पार्सले त्या दिवशी खरोखरच वाटेत असतात. पाठवणाऱ्याला आत्याच्या साड्यांविषयी काहीही माहिती नव्हती, परंतु वाचणाऱ्याच्या बाजूने तो योगायोग पुराव्यासारखा भासतो. म्हणून 'आपले पार्सल येणार आहे का' हा प्रश्न बाजूला ठेवून स्क्रीनशॉटमध्ये प्रत्यक्ष काय दिसते, तेवढेच पाहावे लागते.

प्रथम चित्राचा वरचा भाग पाहावा. आत्याला आलेल्या संदेशाच्या शिरोभागी `+63` ने सुरू होणारा क्रमांक होता. हा फिलिपिन्सचा देशसंकेत आहे आणि भारतीय डाक खाते आपल्याच ग्राहकाला परदेशी क्रमांकावरून कळवणार नाही. आपल्याकडे बँका, सरकारी खाती आणि कंपन्या यांचे एसएमएस नोंदणीकृत नावाने येतात, ज्याला दूरसंचाराच्या भाषेत हेडर म्हणतात. सुरुवातीला दोन अक्षरे असतात : पहिले दूरसंचार कंपनीचे आणि दुसरे विभागाचे. त्यानंतर जोडरेघ आणि मग संस्थेचे संक्षिप्त नाव येते. 2025 पासून त्यापुढे आणखी एक अक्षर जोडले जाऊ लागले आहे : जाहिरातीसाठी `P`, सेवेसाठी `S`, व्यवहारासाठी `T` आणि सरकारी संदेशासाठी `G`. एखादे हेडर कोणाच्या नावे नोंदलेले आहे हे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या `smsheader.trai.gov.in` या संकेतस्थळावर पाहता येते. बँकेच्या नावाचा एसएमएस साध्या दहा आकडी मोबाइल क्रमांकावरून आला असेल, तर पुढची तपासणी करण्याचीही गरज उरत नाही. कुरिअरच्या बाबतीत मात्र इथे थोडे सावध राहावे लागते, कारण पार्सल आणणारा मुलगा गल्ली सापडेना म्हणून स्वतःच्या मोबाइलवरून संदेश पाठवतो, हे आपल्या सर्वांच्या अनुभवाचे आहे. त्याला खूण हवी असते, कार्डाचा क्रमांक नको असतो.

`Y` पाठवण्याच्या सूचनेमागे एक तांत्रिक कारण आहे. आत्याकडे मुलाने दिलेला आयफोन आहे. ॲपलच्या संदेशसेवेत अनोळखी व्यक्तीकडून आलेल्या संदेशातील लिंक दाबता येत नाही. आपण एकदा उत्तर दिले की फोन त्या व्यक्तीला ओळखीचे समजू लागतो आणि लिंक जिवंत होते. म्हणजे ती सूचना म्हणजे फोनने लावलेली कडी आतून आपल्याच हाताने काढून घेण्याची युक्ती होती. कोणत्याही खऱ्या संस्थेला असे सांगण्याचे कारण पडत नाही, म्हणून हे वाक्य दिसले की तेवढ्यावरच संदेश खोटा म्हणता येतो.

आता लिंककडे वळू. मूळ लिंक इथे देणे योग्य नाही, म्हणून तिच्याच रचनेची एक नमुन्याची लिंक घेतो. तिच्या शेवटी असलेले `.example` हे केवळ उदाहरणांसाठी राखून ठेवलेले आहे, त्यामुळे चुकून दाबली तरी ती कुठेही नेणार नाही.

```
https://indiapost.gov.in.pata-update.example/IN
```

आत्याने ती डावीकडून वाचली आणि तिला `indiapost.gov.in` दिसले, जो डाक खात्याचा खरा पत्ता आहे. आपली नजर डावीकडून उजवीकडे जाते आणि ओळखीचा शब्द दिसताच थांबते. संगणकाच्या दृष्टीने मात्र संकेतस्थळाचा मालक उजव्या टोकाकडून ठरतो. आपण पाकिटावर पत्ता लिहितो तेव्हा घराचे नाव, गल्ली, मुक्काम पोस्ट, तालुका करवीर, जिल्हा कोल्हापूर असे लहानाकडून मोठ्याकडे जातो आणि टपाल वर्गवारी करणारा माणूस आधी शेवटची ओळ पाहतो. उद्या कोणी लातूरमधल्या आपल्या घराला 'महाद्वार रोड, कोल्हापूर' असे नाव दिले आणि पाकिटावर तेच घराचे नाव म्हणून लिहिले, तरी खाली जिल्हा लातूर असेल तर पत्र लातूरलाच जाणार. वरच्या लिंकमध्ये नेमके हेच केलेले आहे.

वाचण्याची रीत अशी की, `//` या खुणेनंतर पुढची पहिली तिरकी रेघ येईपर्यंतचा मजकूर तेवढा घ्यावा. इथे तो `indiapost.gov.in.pata-update.example` एवढा आहे. रेघेनंतरचे `IN` हे त्या संकेतस्थळाच्या आतल्या पानाचे नाव असून मालकाविषयी ते काहीही सांगत नाही. मग उजवीकडून टिंबांवर तुकडे पाडावेत. पहिला तुकडा `example`, दुसरा `pata-update`. या दोघांचे मिळून जे नाव होते, ते कोणीतरी नोंदवलेले आहे आणि तोच मालक. त्याच्या डावीकडे जे जे आहे, ते मालक स्वतःच्या मर्जीने लिहू शकतो आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. खऱ्या पत्त्यात हीच रीत वापरली तर उजवीकडून आधी `in`, मग `gov`, मग `indiapost` येते. `gov.in` या शेपटाखालची नावे केवळ सरकारी संस्थांनाच मिळतात, म्हणून ते शेपूट खरोखर शेवटी असेल तरच त्याला अर्थ आहे.

बँकांसाठीही आता असेच राखीव शेपूट आहे. रिझर्व्ह बँकेने 2025 मध्ये बँकांना `.bank.in` वर स्थलांतर करण्यास सांगितले आणि त्यासाठी 31 ऑक्टोबर 2025 ही मुदत दिली. हे नाव नोंदणीकृत बँकांखेरीज कोणाला मिळत नाही. ही सोय मोठी आहे, परंतु तिच्यात एका टिंबाचे महत्त्व फार आहे. `xyz.bank.in` आणि `xyz-bank.in` ही दोन नावे स्क्रीनशॉटमध्ये जवळजवळ सारखीच दिसतात. पहिल्यात उजवीकडून `in`, `bank`, `xyz` असे तीन तुकडे पडतात आणि `bank.in` हे राखीव शेपूट वेगळे निघते. दुसऱ्यात जोडरेघेने शब्द एकत्र चिकटलेले असल्यामुळे `in` आणि `xyz-bank` असे दोनच तुकडे पडतात, आणि `.in` खाली असे नाव कोणीही थोड्या पैशांत घेऊ शकतो. फोनच्या लहान अक्षरांत ही खूण पाहण्यासाठी चित्र बोटांनी मोठे करावे. मी दरवेळी तसे करतो.

स्क्रीनशॉट तपासताना आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. पुष्कळ लोक संदेश न उघडता वरून खाली ओढलेल्या सूचनापट्टीचे चित्र पाठवतात. तिथे मजकूर मध्येच तोडलेला असतो आणि लिंक `https://indiapost.gov.in…` इथे संपलेली दिसते. म्हणजे मालक सांगणारा उजवा भागच नेमका कापला जातो आणि चित्र निर्दोष वाटते. त्यामुळे कोणी विचारले तर मी आधी संदेश उघडून, लिंक न दाबता, पाठवणाऱ्याच्या नावासकट पूर्ण पडद्याचे चित्र मागतो. संदेश उघडून वाचणे आणि लिंक दाबणे या दोन वेगळ्या कृती आहेत, हे अनेकांना सांगावे लागते.

इतके करूनही चित्राची एक मर्यादा राहतेच. इंग्रजी `a` सारखेच दिसणारे अक्षर रशियन लिपीतही आहे. संगणकासाठी ती दोन भिन्न अक्षरे आहेत, पण चित्रात ती ओळखणे डोळ्यांना शक्य नसते. चित्रातून मजकूर उचलून देणारी सोय वापरली, तर तीही त्या अक्षराला बहुधा साधा `a` समजून मोकळी होते. `r` आणि `n` शेजारी आले की `m` दिसतो. लहान केलेल्या लिंकांत मालकाचे नाव आधीच झाकलेले असते. हेडरची गोष्टही अशीच आहे. जुन्या 2जी जाळ्यात फोन टॉवरची ओळख तपासत नाही, त्यामुळे जवळपास बनावट टॉवर चालवणारा हव्या त्या नावाने एसएमएस पाठवू शकतो आणि फोन तो संदेश त्या नावाच्या खऱ्या संदेशांच्याच रांगेत नेऊन ठेवतो. म्हणून स्क्रीनशॉटवरून संदेश खोटा आहे असे ठामपणे म्हणता येते. खरा आहे असे म्हणता येत नाही. "सगळं बरोबर दिसतंय" हे उत्तर मी कोणालाही देत नाही.

लिंक दाबल्यावर पुढे काय होते, हेही आत्याला सांगणे भाग होते. डाक खात्यासारखे दिसणारे पान उघडते, नाव आणि पत्ता विचारते आणि मग पुन्हा पोहोचवण्याचे शुल्क म्हणून पाच-पंचवीस रुपये कार्डाने भरायला सांगते. रक्कम किरकोळ ठेवलेली असते, कारण हेतू रकमेचा नसून कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागचे तीन आकडे मिळवण्याचा असतो. ते मिळाले की दुसरीकडे मोठा व्यवहार सुरू केला जातो आणि बँकेचा खरा ओटीपी आपल्या फोनवर येतो. त्या संदेशात रक्कम आणि पैसे कोणाला जात आहेत हे बहुतेक वेळा लिहिलेले असते, परंतु पंचवीस रुपयांच्या समजुतीत असलेला माणूस फक्त सहा आकडे पाहून टाकून देतो. ओटीपीच्या संदेशातली रक्कम वाचली तर या टप्प्यावरही व्यवहार थांबवता येतो. पैसे गेलेच असतील तर 1930 या क्रमांकावर किंवा `cybercrime.gov.in` वर लगेच नोंद करावी लागते, कारण रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी ती गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते. पैसे गेले नसतील तरी `sancharsaathi.gov.in` वरील चक्षू या सुविधेत संदेश कळवता येतो. तिथे हा स्क्रीनशॉटच उपयोगी पडतो, म्हणून तो लगेच पुसू नये.

पार्सलाचा प्रश्न अजून बाकी होता आणि त्याचे उत्तर संदेशाबाहेर शोधायचे होते. मी आत्याला म्हटले, "नणंदेला फोन कर आणि पावतीवरचा क्रमांक मागून घे." डाक खात्याच्या पावतीवर तेरा चिन्हांचा क्रमांक असतो : आधी दोन अक्षरे, मग नऊ आकडे, शेवटी `IN`. आलेल्या संदेशात असा कोणताही क्रमांक नव्हता. नणंदेने पावतीचा फोटो पाठवला, आत्याने `indiapost.gov.in` हा पत्ता स्वतः टंकित केला आणि क्रमांक घातला. दोनदा दारावर येऊन परत गेलेले म्हणून सांगितलेले ते पार्सल तोपर्यंत नागपूरहून निघालेलेही नव्हते.