कॉन्व्हेक्सिटी दुरुस्ती

परताव्याचा दर म्हणजेच यील्ड मोठ्या प्रमाणात हलले की केवळ ड्युरेशनवरून, म्हणजे यील्ड बदलले की किंमत किती हलते या मापावरून, काढलेला रोख्याच्या किमतीचा अंदाज चुकतो. ही चूक बरीचशी भरून काढण्यासाठी अंदाजात मिळवल्या जाणाऱ्या दुसऱ्या पदाला कॉन्व्हेक्सिटी दुरुस्ती म्हणतात. मुंबईच्या रोखेबाजारात तिची गरज मुख्यतः ३० ते ४० वर्षांच्या सरकारी रोख्यांना भासते. विमा कंपन्या आणि भविष्यनिर्वाह निधी असे रोखे मोठ्या प्रमाणात बाळगतात.

किंमत आणि यील्ड यांचा आलेख सरळ नसतो, वक्र असतो. ड्युरेशन ही त्या वक्राला आजच्या यील्डपाशी काढलेली स्पर्शरेषा आहे. साधा रोखा, म्हणजे मुदतीपूर्वी परत घेण्याची अट नसलेला, घेतला तर वक्र दोन्ही बाजूंना या रेषेच्या वरच राहतो. म्हणून नुसते ड्युरेशन घसरण जास्त दाखवते आणि वाढ कमी. सूत्र असे:

```
ΔP/P ≈ −D·Δy + ½·C·(Δy)²
```

यात D म्हणजे मॉडिफाइड ड्युरेशन, C म्हणजे कॉन्व्हेक्सिटी आणि Δy म्हणजे यील्डमधला बदल, दशांशात. दोन टक्क्यांचा बदल ०.०२ असा लिहायचा.

उदाहरणासाठी ३० वर्षांचा, ७ टक्के कूपनचा, सहामाही व्याज देणारा रोखा घेऊ. यील्ड ७ टक्के असल्याने किंमत १०० आहे. त्याचे मॉडिफाइड ड्युरेशन १२.४७ आणि कॉन्व्हेक्सिटी २५१.२ येते. यील्ड एकदम २०० बेसिस पॉइंटनी वाढून ९ टक्क्यांवर गेले, तर ड्युरेशन २४.९४ टक्के घसरण सांगते. दुसरे पद ½ × २५१.२ × ०.०००४, म्हणजे ५.०२ टक्के. ते मिळवल्यावर अंदाज १९.९२ टक्के घसरणीचा होतो. प्रत्येक हप्ता ९ टक्क्यांनी वटवून काढलेली खरी किंमत ७९.३६ आहे, म्हणजे घसरण २०.६४ टक्के. १०० कोटी रुपयांच्या गुंतवणुकीवर नुसत्या ड्युरेशनची चूक ४.३१ कोटींची होती. दुरुस्तीनंतर ती सुमारे ७२ लाखांवर येते.

यील्ड उलट ५ टक्क्यांवर उतरले तर खरी किंमत १३०.९१ होते. नुसते ड्युरेशन १२४.९४ सांगते, दुरुस्त अंदाज १२९.९७. दुसरे पद Δy च्या वर्गावर अवलंबून असल्याने यील्ड वाढो वा उतरो, ते धनच राहते. चढत्या यील्डसाठी ते वजा करणे ही नवख्यांची नेहमीची चूक.

उरलेल्या चुकीचे कारणही याच वक्रात आहे. यील्ड वाढत जाते तसे ड्युरेशन घटत जाते (इथे ९ टक्क्यांवर ते १०.६९ उरते), आणि खुद्द कॉन्व्हेक्सिटीही घटते. सूत्र मात्र ती पूर्ण बदलभर २५१.२ च धरते. म्हणून वर जाताना दुरुस्त अंदाज थोडा आशावादी ठरतो आणि खाली येताना थोडा कमी पडतो.

बदल किती मोठा असला म्हणजे दुरुस्ती हवी, हे मुदतीवर ठरते. याच ३० वर्षांच्या रोख्यावर २५ बेसिस पॉइंटच्या हालचालीला दुसरे पद जेमतेम ०.०८ टक्के भरते, ते सोडले तरी चालेल. १० वर्षांच्या ७ टक्के रोख्यावर २०० बेसिस पॉइंटनाही ते १.२९ टक्केच भरते. अशी हालचाल केवळ कागदावरची नाही: मे २०१३ मध्ये १० वर्षांचा नवा सरकारी रोखा ७.१६ टक्के कूपनने निघाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्या मुदतीचे यील्ड ९ टक्क्यांच्या वर गेले.

गोंधळ बहुधा एककांचा असतो. सहामाही कालखंडात काढलेली कॉन्व्हेक्सिटी १००४.९ येते. ती वार्षिक करताना ४ ने भागावे लागते, कारण कालखंडाचा वर्ग होतो. ड्युरेशनला २ ने भागतात म्हणून इथेही २ ने भागणे चूक. भागायचे राहिले तर घसरण अवघी ४.८ टक्के दिसते. ३० वर्षांच्या रोख्यावर २०० बेसिस पॉइंटनंतर इतकी कमी घसरण दिसली की एकक तपासावे. काही स्क्रीनवर २५१.२ हा आकडा १०० ने भागून २.५१ असा दिसतो, तर काही ठिकाणी अर्धा गुणक आधीच आत घेतलेला असतो. कोणता प्रकार आहे हे ओळखायचे, तर यील्ड २५ बेसिस पॉइंट वर आणि खाली नेऊन दोन्ही किमती पूर्ण काढाव्यात. त्यांच्या बेरजेतून आजच्या किमतीची दुप्पट वजा करून उत्तराला आजची किंमत गुणिले (Δy)² ने भागले की खरी वार्षिक कॉन्व्हेक्सिटी मिळते.

दुसरी खबरदारी किमतीची. सरकारी रोख्यांचे व्यवहार होतात त्या एनडीएस-ओएम या इलेक्ट्रॉनिक मंचावर दिसणारी किंमत साचलेले व्याज वगळून असते, पण सूत्रातील टक्केवारी व्याज धरलेल्या पूर्ण किमतीला लावायची असते. कूपननंतर तीन महिन्यांनी वरील रोख्यावर १.७५ रुपये व्याज साचलेले असते, म्हणून गुणाकार १०१.७५ शी करावा.

मुदतीपूर्वी परत घेता येणाऱ्या रोख्यांना हे सूत्र तसेच लावू नये. यील्ड उतरले की त्यांची किंमत परतफेडीच्या रकमेजवळ अडते आणि तिथे कॉन्व्हेक्सिटी ऋण होऊ शकते.